सेंटर पास नेमका कुठे हरवतो: स्कोअरशीट ठेवण्याचा माझा अनुभव

मेलबर्नमध्ये मुलीच्या नेटबॉल क्लबात पंधरा वर्षांखालच्या संघाची आकडेवारी ठेवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा कोचना एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. आपल्या मुलींचे शॉट चांगले बसतात, तरी आपण का हरतो?

नेटबॉलमध्ये गोल कुणीही केला तरी पुढचा सेंटर पास, म्हणजे मैदानाच्या मधून खेळ पुन्हा सुरू करणारा पास, आलटूनपालटून मिळतो, म्हणजे दोन्ही संघांच्या वाट्याला जवळपास सारख्याच संधी येतात. आपल्या सेंटर पासवर, चेंडू मध्ये न गमावता, किती वेळा गोल झाला हे बघितलं की आक्रमणाची खरी किंमत कळते. 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला 52-51 असं हरवलं. इतक्या अटीतटीच्या सामन्यात एक वाया गेलेला पाससुद्धा भारी पडतो.

मोजायला बसण्याआधी काही गोष्टी ठरवून घ्याव्या लागल्या. शॉट चुकला पण रिबाउंड आपल्यालाच मिळाला, तर तो पास अजून जिवंत. चेंडू गमावला आणि पुन्हा हिसकावून गोल केला, तर तो गोल धावफलकावर, पण सेंटर पासच्या खात्यात नाही. सर्कलमध्ये, म्हणजे गोलपोस्टसमोरच्या अर्धवर्तुळात, शूटरकडे टाकलेला पास, म्हणजे फीड, अडवला गेला, हातातून निसटला, बेसलाइनबाहेर गेला किंवा आत आपलाच फाउल झाला, की तो सर्कल टर्नओव्हर. चुकलेला शॉट समोरच्यांनी उचलला, तर त्याचा रकाना वेगळा. हे दोन एकत्र केले की नेमबाजीचा दोष आणि फीडचा दोष एकमेकांत मिसळतात, आणि मग शीटचा काही उपयोग उरत नाही.

आम्ही 29-21 असा हरलो त्या सामन्याचं शीट बघा. 25 शॉटपैकी 21 आत, म्हणजे 84 टक्के. पण आमच्या 27 सेंटर पासवर गोल झाले फक्त 16, म्हणजे 59 टक्के. उरलेल्या 11 पैकी 2 मधल्या मैदानात गेले, 3 चुकलेल्या शॉटवर आणि 6 सर्कलमध्ये. सर्कलपर्यंत पोचलेल्या 25 चेंडूंपैकी जवळजवळ चौथा हिस्सा शॉट घ्यायच्या आधीच गेला होता. नेमबाजीच्या टक्केवारीत यातला एकही दिसत नाही, कारण न घेतलेला शॉट तिथे मोजलाच जात नाही.

मी मैदानाच्या आकृतीवर त्या सहांच्या जागी फुल्या मारल्या, तर बहुतेक उजव्या बाजूला बेसलाइनपाशी पडल्या. माझी मुलगी गोल शूटर खेळते. ती म्हणाली, "आई, विंग अटॅक लांबून उंच टाकते. चेंडू येईपर्यंत समोरच्यांची कीपर माझ्या पुढे आलेली असते." शीटवर टर्नओव्हर शूटरच्या नावावर होता, आणि तो सुरू झाला होता सर्कलच्या पार बाहेर. तेव्हापासून सर्कल टर्नओव्हर मी एकीच्या नावावर टाकत नाही. फीड कुठून आला ते शेजारी लिहिते आणि आकडा आक्रमणातल्या चौघींचा धरते: सेंटर, विंग अटॅक, गोल अटॅक, गोल शूटर.

कोचनी सांगितलं, लांबून टाकायचं नाही, सर्कलच्या कडेला येऊनच फीड द्यायचा. पुढच्या एका सामन्यात सर्कल टर्नओव्हर 2 वर आले. पण 26 पासांवर गोल पुन्हा 16 च, म्हणजे 62 टक्के. तशी ही वाढ नव्हेच, इतक्या कमी पासांत एकच चेंडू जवळजवळ चार टक्के हलवतो. आता 6 पास सर्कलच्या बाहेरच गेले होते आणि त्यातले बरेचसे तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ चेंडू धरून ठेवल्यामुळे. मुली फीड टाकायलाच घाबरत होत्या. नुसता सर्कलचा आकडा बघितला असता तर आम्हाला सुधारणा झाल्यासारखी वाटली असती. जो संघ आत चेंडू टाकतच नाही, त्याचे सर्कल टर्नओव्हर कमीच दिसणार.

मग सराव बदलला. विंग अटॅककडे चेंडू आला की सेंटरने सर्कलच्या कडेला, तिच्या मागे तिरकं उभं राहायचं. शूटर पहिल्या हालचालीत मोकळी झाली नाही, तर चेंडू लगेच सेंटरकडे परत, आणि शूटरने पुन्हा जागा मिळवायची. तोवर गोल अटॅकने समोरची जागा रिकामी ठेवायची. हे शेवटचं बसवायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण गोल अटॅकचे पाय आपोआप चेंडूकडे ओढले जातात आणि तिच्यामागून तिची डिफेंडरही तिथेच येते.

ही चाल अंगवळणी पडल्यावरच्या एका सामन्यात 28 पासांवर 20 गोल झाले, 71 टक्के. 3 सर्कलमध्ये गेले, 3 चुकलेल्या शॉटवर, 2 बाहेर. समोरचा बचाव कसा होता यावरही हा आकडा बराच ठरतो, त्यामुळे दोन वेगळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे सामने मी शेजारी ठेवून तोलत नाही. त्याच संघाशी पुन्हा गाठ पडली की जुनं शीट काढते आणि आधी फुल्यांच्या जागा बघते, टक्केवारी नंतर.