चित्रगुप्त कुठल्या रकान्यात?

‘सर, पुनर्जन्म, पुनरुत्थान आणि अंतिम न्याय यांची तुलना करा म्हटलं की आम्ही तीन रकाने आखून सगळं लिहितो. तरी पंधरापैकी सातच गुण का?’

रकाने आखता ना, तिथेच घोळ होतो. पुनर्जन्म आणि पुनरुत्थान ही ‘मेलेला माणूस परत कसा येतो’ या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत. न्याय हे या प्रश्नाचं उत्तरच नाही. केल्याचा हिशोब कोण करतं, ते तो सांगतो. म्हणून तो दोन्हीकडे सापडतो. कयामतच्या दिवशी मेलेले उठतात आणि अल्लाहपुढे हिशोब होतो. गरुडपुराणात चित्रगुप्त यमाला पाप-पुण्याचा हिशोब सांगतो, जीव नरक भोगतो आणि पुन्हा जन्म घेतो. आता या चित्रगुप्ताला कुठल्या रकान्यात बसवाल? उलट जैन मतात जन्मामागून जन्म आहेत, पण न्यायाधीश कुणीच नाही. कर्म जीवाला चिकटतं आणि आपोआप फळतं.

त्यापेक्षा एकच प्रश्न धरा : शरीराचं काय होतं? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात जुनी वस्त्रं टाकून नवी घालण्याचा दृष्टान्त आहे. वस्त्र टाकून द्यायचं असतं, घालणारा तोच राहतो. ख्रिस्ती प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात दृष्टान्त बियाण्याचा आहे. दाणा जमिनीत जातो आणि त्याचंच रोप होतं. नाशवंत पेरलं, अविनाशी उठलं. म्हणजे इथे शरीर फेकलं जात नाही, पालटतं. ‘पुनरुत्थान म्हणजे आत्मा स्वर्गात जाणे’ हे वाक्य दर गठ्ठ्यात दहा वेळा तरी भेटतं आणि तिथेच माझा लाल पेन थांबतो. कुराणाच्या पंच्याहत्तराव्या सूरेत तर हाडं गोळा करण्याची, बोटांची टोकंसुद्धा नीट जुळवण्याची भाषा आहे.

हे दोन दृष्टान्त शेजारी ठेवले की अडचणीही आपोआप वेगळ्या होतात. शरीरच परत यायचं, तर माणसाने माणूस खाल्ला तेव्हा ते मांस कुणाचं? संत ऑगस्टीनने ही शंका गंभीरपणे घेतली आणि ते मांस मूळ मालकाला परत मिळेल असं उत्तर दिलं. पुनर्जन्मात ही भानगड नाही. तिथे ओळखीचा सगळा भार आत्म्यावर पडतो. बौद्ध तर आत्माही मानत नाहीत. भिक्खू नागसेन मिलिंद राजाला रात्रभर जळणाऱ्या दिव्याचं उदाहरण देतो : पहाटेची ज्योत संध्याकाळचीच नव्हे, पण निराळीही नव्हे.

मागे एका मुलीने पुरवणीच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, ‘कपडे बदलणाऱ्याला कालचे कपडे आठवतात. मला मागचा जन्म आठवत नाही, मग शिक्षा नेमकी कुणाला?’ मी समासात लिहिलं, ‘सुरुवात इथून करायची होतीस.’