इंटरव्ह्यू झाला, मग कन्सल्टंटला काय लिहायचं

मंगळवारी बर्मिंगहॅमजवळच्या एका कंपनीत इंटरव्ह्यू दिला, सप्लायर क्वालिटी इंजिनिअरची जागा. बाहेर पडून स्टेशनपर्यंत चालत येते तोवर ही जागा सुचवणाऱ्या एजन्सीच्या कन्सल्टंटचा फोन. कसा झाला? मी म्हटलं, छान झाला, थँक्यू, त्यांचं काय ते कळलं की सांगा. तर तो म्हणाला, असं नाही चालणार, तुला काय वाटलं ते आधी मला लिहून पाठव, मग मी क्लायंटला फोन करतो. त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो की तिला कसं वाटलं.

हे ऐकून मी प्लॅटफॉर्मवर खरंच थांबले. कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत नोकरी शोधत होते तेव्हा इंटरव्ह्यू झाला की एकच शब्द मिळायचा, "कळवतो". कळवतो म्हणजे आठवडा की महिना की कधीच नाही हे आपण ओळखायचं. एका ठिकाणी तर तीन फेऱ्या घेतल्या, पगारावर बोलणं झालं, बाबांनी पेढे आणायचं तेवढं बाकी ठेवलं होतं आणि पुढे काहीच नाही, कन्सल्टंट फोन उचलेना. नाही म्हणाले असते तरी चाललं असतं हो, पण नाही म्हणायलाही कोणाला वेळ नव्हता. मला अजून त्याचा राग आहे. आणि तरीही इथे कोणी "इंडियात सगळं असंच असतं ना" म्हटलं की मला ते आवडत नाही. आपल्याकडे एका जागेला शेकडो बायोडेटा येतात, आणि आपण स्वतःहून विचारत नाही ते घाबरून नाही, मागे लागणं बरं दिसत नाही म्हणून. मी तरी त्यासाठीच विचारायचे नाही.

इथला हिशोब कळल्यावर मात्र कोडं सुटलं. इथे १९७३ चा कायदा आहे, नोकरी शोधून दिल्याबद्दल एजन्सीने उमेदवाराकडून पैसे घ्यायचे नाहीत (मॉडेलिंग, अभिनय वगैरे थोडे अपवाद आहेत). पैसे देते कंपनी, बहुतेक वेळा पहिल्या वर्षाच्या पगाराचे काही टक्के, आणि अशा जागांना साधारणपणे माणूस रुजू झाला तरच. रुजू होऊन थोड्याच आठवड्यांत सोडून गेला तर त्यातले काही परतही द्यावे लागतात. म्हणून त्याला माझं मन आधीच जाणून घ्यायचं असतं, ऑफर आली तर घेणार का, काही खटकलंय का. आणि म्हणूनच तो गोड बोलला तरी फी देणारा क्लायंट आहे हे विसरायचं नाही. त्याला जे लिहू ते पलीकडे जाणार असं धरूनच लिहायचं.

ट्रेनमध्ये मी लिहिलं, इंटरव्ह्यू खूप छान झाला, सगळे फार चांगले होते, कृपया अपडेट द्यावा. दहा मिनिटांत उत्तर, यात पुढे पाठवण्यासारखं काही नाही. वाईट वाटलं, पण बरोबर होतं त्याचं. ते वाक्य कुठल्याही कंपनीला चाललं असतं.

मग घरी येऊन चहा घेऊन नीट बसले. एक गोष्ट मला तशीही खुपत होती. त्यांनी विचारलेलं, नव्या सप्लायरचा गेज आर अँड आर २२ टक्के आलाय, मंजूर करशील का? मी पटकन म्हटलं, ३० च्या आत आहे, हो. ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते, तीन जणांनी तेच दहा पार्ट तीन-तीन वेळा मोजायचे आणि मोजण्यातच किती फरक पडतो ते काढायचं. १० टक्क्यांच्या आत असेल तर चांगलं, ३० च्या वर नापास, आणि मधलं जे असतं ते पार्ट कशासाठी आहे ते बघून ठरवायचं. म्हणजे माझं "हो" अर्धवट होतं, आणि वाईट हे की मला पूर्ण उत्तर येत होतं. शिरोलीच्या फाउंड्रीत मी हेच निस्तरलं होतं. एका ऑपरेटरचं बोअरचं, म्हणजे पार्टमधल्या भोकाच्या आतल्या व्यासाचं, माप कायम जास्त यायचं, सगळे म्हणत गेज खराब. गेज ठीक होता, तो बोअर गेज आत घालून हलवून सगळ्यात कमी रीडिंग शोधायचं असतं ते तो शोधतच नव्हता, गेज तिरका राहायचा. पद्धत शिकवली, फरक गेला.

शेवटी पाठवला तो मेसेज साधारण असा होता (इंग्रजीत लिहिला होता, सुरुवातीला सर नाही, नुसतं नाव, तेवढं टाइप करतानाही हात अडखळला):

"आजच्या इंटरव्ह्यूची वेळ जुळवून दिल्याबद्दल आभार. क्वालिटी मॅनेजरने शॉपफ्लोअर दाखवला, रिजेक्ट झालेल्या कास्टिंगच्या रॅकपाशी थांबून त्यांच्या अडचणी मोकळेपणाने सांगितल्या, ते मला सगळ्यात आवडलं. काम मला हवं तसंच आहे आणि दुसरी फेरी असेल तर मला यायचं आहे. गेज आर अँड आरच्या प्रश्नाला मी घाईत उत्तर दिलं. २२ टक्क्यांना सरसकट हो म्हणणार नाही, आधी फरक गेजमुळे आहे की माणसांमुळे ते बघेन आणि माप सुरक्षेशी संबंधित असेल तर सुधारणा झाल्याशिवाय मंजूर करणार नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत एका ऑपरेटरच्या बोअर गेजच्या बाबतीत मी हेच निस्तरलं होतं. हे त्यांच्यापर्यंत पोचवलंत तर बरं होईल. एक शंका आहे, आठवड्यातून दोन-तीन दिवस सप्लायरकडे जावं लागेल असं कळलं, माझ्याकडे अजून इथलं ड्रायव्हिंग लायसन्स नाही, हे चालेल का? नोटीस एक महिन्याची. व्हिसा स्पॉन्सरशिप नव्या कंपनीकडून लागेल आणि तो मंजूर झाल्यावरच मी रुजू होऊ शकेन. क्लायंटचं म्हणणं साधारण कधी कळेल?"

लायसन्सचं लिहू की नको यावर एक तास गेला. आपलं भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालतं, मला चौदावा महिना लागलाय आणि टेस्टची तारीख लांबची मिळालीय. नवरा म्हणाला, त्यांनी विचारलं नाही तर तू कशाला सांगतेस. पण ऑफरनंतर कळलं असतं तर सगळ्यांचाच वेळ गेला असता. पगाराचा आकडा मात्र मुद्दाम लिहिला नाही. "कमीत कमी किती चालेल" असं तो फोनवर सहज विचारून गेला होता, तिथे एकदा आकडा दिला की तोच ऑफरमध्ये येतो असं मला वाटतं.

तो म्हणाला होता शुक्रवारपर्यंत सांगतो. शुक्रवार गेला. शनिवार-रविवार मी त्या जुन्या "कळवतो" मध्येच होते, जेवणात लक्ष नाही. सोमवारी सकाळी दोनच ओळी टाकल्या, शुक्रवारी कळणार होतं, काही समजलं का, उशीर होणार असेल तर नवी तारीख सांगाल का. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या मागे लागले आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, दुपारी फोन आला.

क्वालिटी मॅनेजर रजेवर होता म्हणून उशीर. गेजचं उत्तर त्याने वाचलं, बोअर गेजची ती गोष्ट त्याला दुसऱ्या फेरीत सविस्तर ऐकायची आहे, ती पुढच्या गुरुवारी. लायसन्सबद्दल म्हणाले की टेस्ट होईपर्यंत सहकाऱ्याबरोबर जाता येईल, पण टेस्टची तारीख लेखी कळवा. ती आत्ताच पाठवली.