आमची वाटचाल : रबाळ्याच्या यार्डातून

सेंट्रिंगचं सामान भाड्याने देण्याचा धंदा मी आणि माझा भागीदार दादा, आम्ही दोघांनी 1999 साली रबाळ्यात सुरू केला. काँक्रीट ज्यांवर ओततात त्या जुन्या 3 बाय 2 फुटांच्या प्लेटा, स्लॅबला खालून टेकू देणारे थोडे जॅक आणि एक टेम्पो एवढंच भांडवल होतं. पुढची बरीच वर्षं बरी गेली, त्यांचं सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं ते घणसोलीच्या कामाचं.

एका बिल्डरच्या चार माळ्यांच्या कामाला आमचं सामान होतं. तिसऱ्या स्लॅबचं सेंट्रिंग खोललं आणि दोन खोल्यांच्या छतावर काळपट तेलकट डाग निघाले. गिलावा मारला तर पोपडे धरून खाली आला. बिल्डरने ठरवूनच टाकलं की आमच्या प्लेटा खराब. बिल अडकवलं आणि उरलेलं काम दुसऱ्या एका सामानवाल्याला दिलं. तो भाडं आमच्यापेक्षा कमी घ्यायचा, आणि बाजारात आमची बदनामीही त्यानेच केली. त्या वर्षी टेम्पो विकायची वेळ आली होती.

दादा साइटवर गेला तेव्हा कोपऱ्यात जळक्या इंजिन ऑइलचा डबा सापडला. प्लेट काँक्रीटला चिकटू नये म्हणून लावायच्या शटरिंग ऑइलचे पैसे वाचवायला ठेकेदाराची माणसं तेच ओतत होती, आणि तेही सळई बांधून झाल्यावर, वरून. दादाने छतावर पाणी मारून दाखवलं. जिथे डाग होते तिथे पाण्याचे थेंब गोळा होऊन खाली टपकले, बाजूच्या चांगल्या भागाने पाणी लगेच पिऊन घेतलं. तेल काँक्रीटमध्ये शिरलंय हे यावरून कळतं. मग पुढच्या स्लॅबला जिन्याशेजारच्या दोन खणांत आमच्याच प्लेटा लावायला लावल्या. एका खणात त्यांचं जळकं ऑइल, दुसऱ्यात आम्ही साफ करून फडक्याने पुसलेलं शटरिंग ऑइल. खोलल्यावर पहिल्या खणात तेच डाग, दुसरा खण एकसारखा राखाडी. बिल्डरच्या इंजिनिअरने मान डोलावली, पण पैसे आजतागायत मिळालेले नाहीत. हे मी विसरलेलो नाही.

चांगल्या शटरिंग ऑइलमधले घटक सिमेंटातल्या चुन्याशी मिळून साबणासारखा पातळ थर करतात, म्हणून प्लेट सहज सुटते. हा थर पातळच हवा. प्लेटवर बोट फिरवलं तर बोट ओलसर व्हावं, पण तेल ओघळू नये. खळगीत तेल साचलं की डाग पडतो, वरचा थर भुसभुशीत होतो. आणि तेल सळई ठेवण्याआधी लावायचं, कारण तेलकट सळईला काँक्रीट नीट धरत नाही.

आमचा सगळ्यांत जुना गिऱ्हाईक कळव्याचा एक ठेकेदार. आम्ही त्यांना काका म्हणतो. बदनामीच्या काळातही त्यांनी सामान आमच्याकडूनच नेलं. कारण एकच, दोष आमच्या प्लेटांचा नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्याकडून प्लेटा परत यायच्या तेव्हा नेल्या होत्या तशाच असायच्या. त्यांचे सुतार प्लेटा वरून फेकत नाहीत, हातोहात उतरवतात. खोलल्याच दिवशी, प्लेटांवरची सिमेंटची स्लरी घट्ट बसायच्या आत, पत्र्याच्या खरवडणीने आणि तारेच्या ब्रशने साफ करतात. चार दिवसांनी हातोडीने ठोकून काढली की पत्र्याला पोचे पडतात, आणि प्रत्येक पोचा छतावर उमटतो. काका कडाही बघतात. दोन प्लेटा कडेला कड लावून उजेडासमोर धरतात, मधून उजेड दिसला तर ती प्लेट बाजूला. त्या फटीतून स्लरी गळते, मागे नुसती रेती-खडी राहते आणि तिथे मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात.

नवी मुंबईत खाडीची हवा आहे, म्हणून साठवणीचं सांगतो. प्लेटा जमिनीवर टेकवू नका. लाकडी ओंडक्यांवर, तोंडाला तोंड लावून, पाणी निथळेल असा थोडा उतार देऊन रचा. पावसाआधी तेलाचा हात द्या आणि ताडपत्री टाका, पण बाजूंनी हवा खेळू द्या. झाकून कोंडलेल्या थप्पीत गंज जास्त धरतो, आणि तो पुढच्या छतावर तांबड्या डागाने दिसतो.

जॅकचं तर लोक बघतच नाहीत. नळी जमिनीवर लोळवा, डगमगत लोळली की ती वाकलेली आहे. पोक आलेल्या जॅकवर स्लॅबचं वजन देऊ नका. आट्यांमधली स्लरी काढून ग्रीस लावा, आणि पिनऐवजी सळईचा तुकडा कधी घालू नका. भाडं वाचवायला जॅक लवकरही काढू नका. साध्या सिमेंटला काँक्रीटच्या आयएस 456 या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू 7 दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला 14 दिवस ठेवायचे असतात. आमच्याकडून नेलेल्या सामानाचं भाडं त्यामुळे थोडं जास्त येतं, हे मी आधीच सांगतो. काकांनी त्यावर कधी घासाघीस केलेली नाही.