खुर्ची गेली, पण तिची कड राहिली

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका फोटो स्टुडिओत मी नऊ वर्षं रिटचिंग करते. फोटोतून नको ती वस्तू काढणं हे रोजचंच काम: डोक्यावरून गेलेली वायर, कोपऱ्यातली कचऱ्याची बादली, मागून जाणारा अनोळखी माणूस. डिसेंबरातल्या एका शनिवारी मात्र एका लाल प्लास्टिकच्या खुर्चीने माझी संध्याकाळ आणि पुढची सकाळ घेतली. त्यानंतर सिलेक्शनच्या कडेकडे बघायची माझी पद्धतच बदलली.

एक गृहस्थ आई-वडिलांचा फोटो घेऊन आले होते. रविवारी संध्याकाळी दोघांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती आणि हॉलच्या दारात लावायला तीस बाय वीस इंचांची प्रिंट हवी होती. फोटो उपवन तलावाच्या काठी सकाळच्या उन्हात काढलेला. मागे पाणी आणि येऊरचे डोंगर, पुढे फरसबंदी, दोघांचे चेहरे अगदी मोकळे. फक्त आईंच्या बाजूला, अर्धं पाऊल पुढे, कुणीतरी ठेवलेली ती लाल खुर्ची. "ताई, एवढी खुर्ची तेवढी घालवा," ते म्हणाले, "बाकी काही हात लावू नका. दोघं असे हसलेले एकत्र परत मिळायचे नाहीत."

मी फोटोशॉपमध्ये खुर्चीचं सिलेक्शन केलं, म्हणजे काढायच्या भागाभोवती रेघ आखली. अगदी काटेकोर, प्लास्टिकच्या कडेला कड लावून. तेव्हा मला तेच चांगलं काम वाटायचं. जमिनीवरची सावलीही लॅसोने, म्हणजे हाताने रेघ फिरवून, घेतली आणि निवडलेली जागा आपोआप भरणारं कंटेंट-अवेअर फिल चालवलं. स्क्रीनवर पूर्ण फोटो एका नजरेत बघितला, खुर्ची दिसेना. फाईल लॅबला गेली.

संध्याकाळी सात वाजता प्रिंट आली. आमच्या स्टुडिओचे काका ती भिंतीला टेकवून दोन पावलं मागे गेले आणि म्हणाले, "इथे खुर्ची होती का गं?" मी पुढे जाऊन बघितलं. फरसबंदीवर बारीक गुलाबी रेघेने खुर्चीच्या पायाचा आकार उमटला होता. पाण्यासमोर, जिथे खुर्चीची पाठ होती, तिथे एक फिकट पांढरा दोरा वळून गेलेला. आणि जमिनीवर, जिथे सावली संपत होती, तिथे करड्या रंगाची एक कमान. खुर्ची नव्हती, पण कुणीतरी तिची बाह्यरेषा गिरवून ठेवल्यासारखं दिसत होतं.

स्क्रीनवर हे का दिसलं नाही, ते आधी सांगते. फाईल सहा हजार बाय चार हजार पिक्सेलची. तीस इंचांवर छापली की एका इंचात दोनशे पिक्सेल बसतात, म्हणजे तीन पिक्सेलची कड कागदावर जेमतेम 0.4 मिलिमीटर. आकडा ऐकून क्षुल्लक वाटतो, पण तेवढी पेनाची रेघ आपण हातभर अंतरावरून सहज बघतो. त्यातून ती सलग असेल तर डोळा तिला धरूनच चालतो. माझ्या स्क्रीनवर मात्र अख्खा फोटो मावण्यासाठी तो पंचवीस टक्क्यांवर होता. तिथे चार पिक्सेलांचा एक होतो आणि अशी कड आजूबाजूच्या रंगात मिसळून जाते.

रात्री मूळ फाईल उघडून खुर्चीच्या कडेवर चारशे टक्के झूम केला. आपण ज्याला कड म्हणतो ती रेषा नसतेच, तो एक पट्टा असतो. आत पूर्ण लाल, बाहेर पूर्ण फरशी, आणि मधले तीन-चार पिक्सेल दोन्हीचं मिश्रण. लेन्स कितीही चांगली असली तरी ती कड थोडी पसरवते. त्यावर कॅमेरा आपणहून शार्पनिंग करतो, त्यामुळे गडद वस्तूच्या बाहेरून एक उजळ किनार तयार होते. पाण्यासमोर दिसलेला पांढरा दोरा तो हाच. तिसरी गोष्ट जेपेगची. जेपेगमध्ये उजेडाची माहिती पूर्ण ठेवली जाते, पण रंगाची बहुतेक वेळा निम्म्या बारकाईने साठवली जाते. म्हणून लालसारखा भडक रंग आपल्या हद्दीबाहेर एक-दोन पिक्सेल झिरपतो. माझं काटेकोर सिलेक्शन या पट्ट्याच्या बरोबर मधून गेलं होतं. आतलं निघालं, बाहेरचं निम्मं मिश्रण फोटोतच राहिलं.

पण उरलेली कड नुसती उरत नाही, ती नव्या भरणीलाही बिघडवते. हे मला त्या रात्री पहिल्यांदा नीट कळलं. कंटेंट-अवेअर फिल 2010 साली फोटोशॉप CS5 मध्ये आलं. ते फोटोतल्याच दुसऱ्या भागांतून छोटे छोटे तुकडे उचलतं आणि सिलेक्शनच्या हद्दीलगतच्या पिक्सेलांशी जुळतील असे बसवत आत जातं. म्हणजे हद्दीवरचे पिक्सेल हेच त्याचं माप. तिथे स्वच्छ फरशी असेल तर ते फरशी शोधतं. तिथे गुलाबी मिश्रण असेल तर ते प्रामाणिकपणे गुलाबीला जुळणारं काहीतरी शोधतं, आणि तो डाग आत आठ-दहा पिक्सेल पसरतो. मी रात्री हीलिंग ब्रशने ती रेघ पुसायला गेले तर आणखी बिघडलं. हीलिंग ब्रश पोत दुसरीकडचा घेतो, पण रंग आणि उजेड कडेच्या पिक्सेलांशी जुळवतो. कडच लालसर असेल तर तो ती लाली आत ओढतो. पुसावं तितका गुलाबी धूर वाढत गेला.

रविवारी सकाळी आठला मी मूळ फाईलपासून पुन्हा सुरुवात केली. खुर्चीचं तेच सिलेक्शन, पण आता कडेच्या तीन-चार ठिकाणी झूम करून मिश्रणाचे पिक्सेल मोजले. पाण्यासमोर चार, फरशीजवळ पाच. त्यात दोन जास्तीचे धरून `Select > Modify > Expand` मध्ये 7 टाकले. सिलेक्शनची मुंग्यांसारखी सरकणारी तुटक रेघ खुर्चीपासून सुटून पूर्ण स्वच्छ फरशीवर जाऊन बसली. हीच खूण बघायची असते: रेघेच्या लगत बाहेर जे पिक्सेल आहेत त्यांत वस्तूचा मागमूस नको.

फेदर, म्हणजे सिलेक्शनच्या कडेला मऊ उतार, द्यायचा असेल तर तो एक्सपांडच्या नंतर, आणि त्याचा हिशेब धरूनच. फेदरचा उतार रेघेच्या दोन्ही बाजूंना पडतो. त्यामुळे रेघेच्या आत काही पिक्सेल अर्धवट निवडलेले राहतात, आणि अर्धवट निवडलेल्या पिक्सेलमधून जुनी वस्तू अर्धवट दिसत राहते. मी एक पिक्सेल फेदर दिला; सातमधले ते दोन जास्तीचे पिक्सेल त्यासाठीच धरले होते.

सावलीचं गणित वेगळं निघालं, आणि कमान राहिली ती त्यामुळेच. सूर्य बिंदू नाही, आपल्याला तो आकाशात साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो. म्हणून सावलीची कड वस्तूपासून जितकी लांब पडते तितकी मऊ होत जाते. खुर्चीचा पाय जमिनीला टेकतो तिथे सावली सुरीने कापल्यासारखी, दोन-तीन पिक्सेलांत संपणारी. पण पाठीच्या वरच्या टोकाची सावली कोवळ्या उन्हात दूरवर पडलेली, आणि तिथे गडद ते उजेड हा बदल तीसेक पिक्सेलांवर पसरलेला. एकच सात सगळीकडे लावून तिथे काय उपयोग? आदल्या दिवशी मी डोळ्याला जिथे सावली संपल्यासारखी वाटली तिथे लॅसो फिरवला होता. खरी सावली त्याच्या पुढे संपत होती.

यासाठी मी उजेड-काळोखातला फरक वाढवणारा एक तात्पुरता कर्व्हज लेअर वर ठेवते. वक्र इतका उभा करायचा की फोटो बघवत नाही, पण फरशीवरचा किंचितसा काळपटपणाही ठळक दिसतो. त्या उजेडात सावलीची खरी हद्द कळली. पायाशी सातच ठेवले, टोकाकडे जाताना लॅसोने हाताने वाढवत चाळीस पिक्सेलपर्यंत गेले. आईंची स्वतःची सावली मागे त्याच दिशेला पडली होती. ती राहायलाच हवी, नाहीतर त्या जमिनीवर उभ्या न राहता तरंगल्यासारख्या दिसल्या असत्या. म्हणून दोन सावल्या मिळत होत्या तिथे माझी रेघ आईंच्या सावलीच्या आत जाऊ दिली नाही.

आणि एका जागी वाढवणं पूर्ण चुकीचं ठरलं असतं. खुर्चीचा हात आईंच्या पदराच्या काठाला टेकला होता. हिरव्या साडीचा जरीचा काठ, फोटोत जेमतेम वीस पिक्सेल रुंद. सात पिक्सेल वाढवले की त्या काठाचा तिसरा हिस्सा सिलेक्शनमध्ये गेला, आणि फिलने तिथे फरशी भरून काठ कुरतडला असता. तेवढ्या भागात मी साडीची कड पेन टूलने काढून ती सिलेक्शनमधून वजा केली. मग आतली भरण झाल्यावर राहिलेली लाल किनार क्लोन स्टॅम्पने, दोनशे टक्क्यांवर, काठाच्याच वरच्या भागातून जरी उचलून झाकली. साडीवर खुर्चीच्या प्लास्टिकची लाल झाक पडलेली होती. ते परावर्तन, कडेचा दोष नाही; सिलेक्शन कितीही वाढवलं तरी ते निघत नाही. एका वेगळ्या लेअरवर, कलर मोडमध्ये, साडीचाच हिरवा हलक्या ब्रशने फिरवला तेव्हा ते गेलं. या वीतभर जागेला बाकी सगळ्या खुर्चीपेक्षा जास्त वेळ लागला.

भरण झाल्यावर कर्व्हज लेअर पुन्हा चालू केला. पायाची रेघ नाही, पांढरा दोरा नाही. फरशीच्या सांध्यात एका ठिकाणी तुकडा दोन पिक्सेल खाली सरकला होता, तो हाताने जुळवला. सावलीच्या टोकाला एक हलका पट्टा अजून होता, म्हणून तिथे सिलेक्शन आणखी दहा पिक्सेल वाढवून तेवढाच भाग परत भरला. साडेअकराला फाईल गेली.

स्टुडिओत शिकायला येणारा मुलगा वही घेऊन बसला होता. "ताई, मग सात लिहू का?" मी त्याला शनिवारची प्रिंट दिली आणि लाल पेनाने उरलेली कड गोल करायला सांगितली. मग मूळ फाईलवर त्याच जागा उघडून प्रत्येक ठिकाणी मिश्रणाचे पिक्सेल मोजायला लावले. पायाशी पाच, पाठीला चार, सावलीच्या टोकाला मोजता मोजता तो अडतीसवर थांबला. वहीत त्याने सात लिहिलं नाही.

दुपारी दोन वाजता ते गृहस्थ आले. प्रिंट दारातल्या उजेडात धरून त्यांनी खुर्चीच्या जागी बोट फिरवलं, मग पदराच्या काठावर. "काठ तसाच आहे," एवढंच म्हणाले, आणि प्रिंट गुंडाळू नका, सपाटच द्या म्हणून रिक्षा आणायला बाहेर गेले.