शपथेतला लाम

फोर्टमधल्या आमच्या कचेरीत आखाती देशांचे कागद भाषांतराला येतात. बहुतेक ठरावीक नमुन्यातले असतात: दाखले, करार, मृत्युपत्रं. हाताने लिहिलेलं अरबी पत्र क्वचितच येतं, आणि आलं की ते माझ्याकडेच सरकवलं जातं.

त्या दिवशी श्रीवर्धनचा एक तरुण तसं पत्र घेऊन आला. वडील आखातात ड्रायव्हर होते, तिथेच वारले. नोकरीअखेरची रक्कम मालकाकडे बाकी होती. मालकाचं उत्तर त्याने दुसऱ्या एका कचेरीतून इंग्रजीत करून घेतलं होतं, शिक्क्यासकट. त्यात लिहिलं होतं: ‘अल्लाची शपथ, मी पूर्ण रक्कम देणार नाही. अल्लाची शपथ, मी त्याचे उपकार विसरतो.’ घरचे पेटले होते. वकिलाची नोटीस तयार होती.

मूळ पत्र वाचलं आणि मला राग आला. दोन्ही वाक्यांचा अर्थ बरोबर उलटा लावला होता.

पहिलं वाक्य असं: ‘वल्लाहि लअद्फअन्नल मब्लग कामिलन’. अरबीत नकाराचा शब्द ‘ला’, म्हणजे लाम आणि अलिफ ही दोन अक्षरं. जोर देणारा लाम मात्र एकटाच क्रियापदाला चिकटतो. ‘मी देईन’ हे क्रियापद मुळात अलिफनेच सुरू होतं, त्यामुळे लाम चिकटला की कागदावर लाम-अलिफची तीच जोडी दिसते. त्या अलिफवर हम्झा हे छोटंसं चिन्ह काढलं असतं तर कुणी फसलं नसतं, पण घाईच्या हस्ताक्षरात ते राहून जातं. तरीही पडताळा सोपा आहे. खरा नकार असता तर ‘ला’चा एक अलिफ आणि क्रियापदाचा दुसरा, असे दोन दिसले असते. इथे एकच आहे. शिवाय क्रियापदाच्या शेवटी नून हे अक्षर आहे, तेही जोर देणारं. शपथेनंतर भविष्यातलं होकारार्थी क्रियापद आलं की त्याच्या सुरुवातीला हा लाम आणि शेवटी हा नून, दोन्ही लागतात. कुरआनात इब्राहीम मूर्तींबद्दल ‘तल्लाहि लअकीदन्न’ म्हणतात (२१:५७), तीच ही रचना. म्हणजे मालक म्हणतोय: पूर्ण रक्कम देईन, देणारच.

आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हरकत घेतली. ‘नून नकारातही येतो की. ला तह्सबन्न?’ (१४:४२) हरकत रास्त होती, पण तो ‘समजू नकोस’ असा समोरच्याला केलेला मनाईचा हुकूम आहे. स्वतःच्या शपथेत साधा नकार असेल तर तिथे नून सहसा येत नाही. आणि अलिफ एकच होता, त्याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरं वाक्य जास्त अवघड. ‘वल्लाहि अन्सा फद्लहू’. शब्दशः ‘शपथ, मी त्याचे उपकार विसरतो’, आणि यात ‘ला’ खरोखरच नाही. पण लाम आणि नूनही नाहीत. होकार असता तर ते आलेच असते. म्हणून जुन्या व्याकरणात असं वाक्य नकारार्थी धरतात, ‘ला’ गाळलेला समजून: मी विसरणार नाही. कुरआनातच याकूबांना त्यांचे मुलगे ‘तल्लाहि तफ्तउ तज्कुरु यूसुफ’ म्हणतात (१२:८५), म्हणजे तुम्ही यूसुफची आठवण काढायचं थांबणार नाही. तिथेही ‘ला’ लिहिलेला नाही. बोलीभाषेत हा नियम चालत नाही, तिथे ‘वल्लाह’नंतर नुसतं क्रियापद होकारार्थीही असू शकतं. म्हणून मी आधी पूर्ण पत्र तपासलं. सगळं मदरशात मुरलेल्या माणसाचं अरबी होतं, बोलीचा मागमूस नव्हता.

मला सतावतंय ते पत्राचं सुरुवातीचं वाक्य: ‘इन्न हक्कहू लसाबितुन’. त्याचा हक्क पक्का आहेच. ‘इन्न’ही जोराचा, लामही जोराचा. दोन्ही शेजारी नकोत म्हणून लाम पुढच्या शब्दावर सरकतो. ११व्या शतकात अरबी व्याकरणकार जुर्जानींनी लिहून ठेवलंय की नुसतं विधान ही बातमी असते, ‘इन्न’ लावलं की ते शंका विचारणाऱ्याला दिलेलं उत्तर होतं, आणि त्यावर लामही आला की ते नाकारणाऱ्याला दिलेलं उत्तर होतं. मग इथे नाकारणारा कोण? मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, ‘मॅडम, आम्हीच आधी लिहिलं होतं, तुम्ही अब्बांचा हक्क बुडवताय म्हणून.’

म्हणजे आरोप ऐकून दुखावलेल्या माणसाने, जोर द्यायची जेवढी साधनं हाताशी होती तेवढी वापरून कबुली दिली होती. आणि पानाच्या दराने काम उरकणाऱ्या कुणीतरी तिचा नकार करून वर शिक्का मारला. शिक्का मारणाऱ्याने अलिफ मोजायला हवे होते. हा गुन्हाच आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

नवं भाषांतर दिलं. दुसऱ्या वाक्याखाली ‘ला’ का गृहीत धरला याची टीप जोडली. टिपेमुळे शंका निर्माण होते, काढून टाका, असं वकिलांचं म्हणणं होतं. मी काढली नाही. उद्या तिसऱ्या कुणी मूळ पत्र पाहिलं तर त्याला ‘ला’ सापडणार नाही, आणि मग माझंच भाषांतर खोटं ठरेल. नोटीस थांबली. मुलाने मालकाला उत्तर लिहून मागितलं, ते मी अरबीत लिहून दिलं. सगळे हम्झे काढून.