सिकलिंग निगेटिव्ह आईची मुलगी

नागपुरात हिमॅटॉलॉजीच्या लॅबमध्ये काम करायचं म्हणजे सिकलसेल रोजचंच. त्याबद्दल लिहावं असं कधी वाटलं नाही. पण या मुलीची फाइल डोक्यातून जात नाही, कारण त्या फाइलमधला एकेक रिपोर्ट बरोबर होता आणि तरी निदान चुकलेलं होतं.

मुलगी नऊ वर्षांची. पाय दुखतात, मधूनमधून ताप येतो, हिमोग्लोबिन ७.६. आधीच्या दवाखान्यात दोन वर्षं सांधेवात म्हणून गोळ्या चाललेल्या. आमच्याकडे सीबीसी आणि सीआरपी एवढंच मागवलेलं. मशीनने सॅम्पलला फ्लॅग दिला म्हणून मी स्लाइड काढली. लहान, फिकट लाल पेशी, बऱ्याच टार्गेट सेल, एकदोन केंद्रक असलेल्या पेशी आणि चारपाच ठिकाणी टोकदार, वाकलेल्या सिकल पेशी.

वॉर्डात फोन केला. रेसिडेंट म्हणाला, "मॅडम, ती कॅरियर आहे, फाइलमध्ये लिहिलंय. वडील एएस, आईचं सिकलिंग निगेटिव्ह. मग मुलगी एसएस होणार कशी?"

गणित बरोबर होतं. एएस म्हणजे सिकलचं एकच जनुक असलेला कॅरियर; एसएस म्हणजे आई आणि वडील दोघांकडून एकेक आलेलं, म्हणजे प्रत्यक्ष आजार. पण कॅरियरच्या साध्या स्लाइडवर सिकल पेशी दिसत नाहीत. त्याच्या पेशीत निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन नॉर्मल असतं, त्यामुळे रोजच्या परिस्थितीत पेशी वाकत नाहीत. इथे तर त्या ढळढळीत दिसत होत्या.

ही सिकलिंग टेस्ट, म्हणजे सोल्युबिलिटी, नेमकी काय सांगते हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. कॅम्पात ती करणाऱ्यांनाही कधीकधी नसतं. दोन मिली रिएजंटमध्ये वीस मायक्रोलिटर रक्त घालायचं. सॅपोनिन पेशी फोडतं, सोडियम डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेतं. ऑक्सिजन गेला की हिमोग्लोबिन एस विरघळलेलं राहत नाही आणि द्रावण गढूळ होतं. पाच मिनिटांनी ट्यूब छापील कागदासमोर धरायची: अक्षरं वाचता आली तर निगेटिव्ह, नाही आली तर पॉझिटिव्ह. डायथायोनाइट जुनं झालं की सगळं जग निगेटिव्ह येतं, म्हणून ओळखीचं पॉझिटिव्ह रक्त कंट्रोलला लावल्याशिवाय मी एकही ट्यूब वाचत नाही. (कॅम्पात कंट्रोल लावलेला मी फार थोड्या वेळा पाहिला आहे.) सहा महिन्यांखालच्या बाळाला ही टेस्ट चालत नाही. हिमोग्लोबिन सातच्या खाली असलं तर रक्त दुप्पट घ्यावं लागतं.

पण हे सगळं नीट पाळलं तरी ही ट्यूब एकाच प्रश्नाचं उत्तर देते: रक्तात हिमोग्लोबिन एस आहे की नाही. एक जनुक आहे की दोन, हे ती सांगत नाही. आणि दुसऱ्या जनुकात दुसराच काही बिघाड असेल, तर त्याबद्दल ती गप्प बसते.

मुलीचं एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी, मी आमच्या सरांना सांगून लावलं. एस ७४ टक्के, गर्भातलं हिमोग्लोबिन एफ १८, ए-टू ५.८, आणि नॉर्मल ए जवळजवळ नाहीच. कॅरियरला ए नेहमी एसपेक्षा जास्त दिसतं. याउलट एसएसच्या पेशंटला नुकतंच रक्त दिलं असेल, तर दात्याचं ए मिसळून तो कॅरियरसारखा भासू शकतो. हिला मात्र कधीच रक्त दिलेलं नव्हतं. आलेख पाहून कुणीही एसएसच म्हटलं असतं. खटकत होतं ते थॅलेसेमियाच्या वाहकात वाढणारं ए-टू आणि त्याहून जास्त एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान: ६१. नुसत्या एसएसमध्ये पेशी इतक्या लहान होत नाहीत. ए-टूवर एकट्यावर मी विसंबत नाही, कारण एस जास्त असलं की या मशीनवर तो आकडा फुगतो. आईवडिलांना बोलावलं.

वडील वर्धा जिल्ह्यातले कुणबी. खिशातून कार्ड काढूनच आले. "माझं तं माहीतच होतं जी. हिचं निगेटिव्ह आलं म्हणूनच तं लग्न केलं. डॉक्टरच म्हणाले, काही होत नाही." लग्नाआधी तपासणी करा, असं आपण लोकांना ओरडून सांगतो. या माणसाने ती केली होती.

आई नागपूरच्याच सिंधी कुटुंबातली. रक्त कमी म्हणून कित्येक वर्षं लोहाच्या गोळ्या खाल्लेल्या, फरक शून्य. तिचं हिमोग्लोबिन १०.४, एमसीव्ही ६४, लाल पेशी मात्र ५४ लाख. लोह कमी असलं की पेशी लहान होतात तशा मोजायलाही कमी भरतात. इथे लहान आणि भरपूर. एमसीव्हीला दशलक्षातल्या संख्येने भागलं तर बारा येतं. तेराच्या खाली आलं की थॅलेसेमियाची शंका घ्यायची. एचपीएलसीत ए-टू ५.४. बीटा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे ती थॅलेसेमियाची वाहक. सोल्युबिलिटी मी स्वतः पुन्हा केली: स्वच्छ, अक्षरं लख्ख. तिच्या रक्तात एस नाहीच, तर ट्यूब गढूळ होईल कशाला?

वडिलांकडून एस, आईकडून जवळजवळ बंद पडलेलं बीटा जनुक. मुलीला सिकल-बीटा थॅलेसेमिया. त्रास एसएसइतकाच.

आजोबांना (वडिलांचे वडील) हे पटेना. "सिकलसेल आदिवासींचा असते मॅडम, आमच्यात कुठून?" त्यांच्यावर काय रागवायचं? आमच्या फॉर्मवरही जमातीचा रकाना आहे आणि डॉक्टरही आडनाव वाचून टेस्ट लिहितात. खरं तर नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख १९५८ सालीच 'लॅन्सेट'मध्ये आला होता. हे जनुक जिथे पिढ्यान् पिढ्या फाल्सिपेरम मलेरिया होता तिथे टिकलं, कारण एकच प्रत असलेली मुलं त्या तापातून जास्त जगायची. डास जात विचारत नाही. गोंड, पारधान, महार, कुणबी, तेली एकाच रानाच्या कडेला राहिले. ग्रीसमध्ये ऑर्कोमेनॉसच्या दलदलीभोवतीच्या गोऱ्या शेतकऱ्यांतही सिकलसेल आहे. आपल्याकडच्या एस जनुकाच्या आजूबाजूचा डीएनए तर आफ्रिकेतल्या बहुतेकांपेक्षा पूर्व सौदी अरबस्तानातल्या लोकांशी जुळतो. आईचं थॅलेसेमियाही तसंच: मलेरियाच्याच पट्ट्यात टिकलेलं, सिंधमधून फाळणीनंतर इथे आलेलं. पण आमच्या डोक्यात आणि कपाटात सिकलसेलच्या फाइली वेगळ्या, थॅलेसेमियाच्या वेगळ्या; या "त्यांच्या", त्या "यांच्या". ही मुलगी दोन्हींच्या मधून निसटली.

हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड सुरू झालं, न्यूमोकोकसची लस दिली. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात अशा बाळाची शक्यता चारात एक, आणि दहाबारा आठवड्यांना वारेचा तुकडा तपासून ते कळू शकतं, हे समुपदेशकाने दोघांना बसवून समजावलं.

मी आता सिकलिंग निगेटिव्हच्या प्रत्येक रिपोर्टखाली एक ओळ घालते: "या तपासणीने थॅलेसेमिया किंवा हिमोग्लोबिन डी वगळले जात नाही. जोडीदार वाहक असल्यास एचपीएलसी करावे." सरांचं म्हणणं, फॉर्म लांबतो. लांबू दे.

मुलीच्या मामाचं लग्न ठरलंय. नवरी भंडाऱ्याची. बहिणीने त्याला आणलं, पण त्याने एचपीएलसीला नकार दिला, फक्त सीबीसी करून गेला. एमसीव्ही ६६ आलं. मी त्याला फोन केला तर म्हणाला, "लग्न होऊ द्या मॅडम, मग बघू." नवरीची सोल्युबिलिटी झाली आहे का, ते त्याला माहीत नव्हतं.