खानापूरच्या चाकावर दोन दिवस आणि चार ओळींची जाहिरात

"ताई, तुम्ही लिहिता म्हणे. मोबाईलवर टाकायला चार ओळी द्या की लिहून." खानापूरच्या कुंभारकाकांकडे मी दोन दिवस भांडी घडवायला शिकायला गेले होते. रविवारी संध्याकाळी नखांतली माती काढत बसले होते, तेव्हा काकांच्या सुनेने त्या शिकवणीची जाहिरात लिहायचं हे काम गळ्यात घातलं. चारच तर ओळी, म्हणून मी हो म्हटलं. त्या ओळी लिहायला शेवटी तीन आठवडे लागले. का, ते सांगते.

पुण्याहून रात्रीच्या गाडीने बेळगाव आणि तिथून बसने पाऊण तासात खानापूर. मलप्रभेच्या काठचं हे गाव कौलं, विटा आणि लाल मातीच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. बोली मराठी, दुकानांच्या पाट्या कन्नडमध्ये. फेब्रुवारीतली सकाळ होती, अंगणात कुंड्यांच्या रांगा वाळत होत्या. आम्ही सहा जण. हातात कधी माती कुणीच धरलेली नव्हती.

मला वाटलं होतं, गेल्या गेल्या चाकावर बसवतील. काकांनी आधी माती मळायला लावली. भिजवून, चाळून ठेवलेलीच माती, पण ती पुन्हा कणकेसारखी मळायची, फक्त घडी घालायची नाही, कारण घडीत हवा अडकते. मी दहा मिनिटं मळून गोळा पुढे केला. त्यांनी तारेने तो मधोमध कापला आणि कापलेली बाजू दाखवली. मुगाएवढी दोन भोकं. "परत." तिसऱ्यांदा कापला तेव्हा बाजू खव्यासारखी एकसंध निघाली.

मग चाक. अर्धा किलोचा गोळा चाकावर थापायचा आणि ओल्या हातांनी दाबून बरोबर मध्यावर आणायचा. ऐकायला एवढंच. गोळा केसभर जरी बाजूला असला, तरी प्रत्येक फेरीला तळव्याला धक्का देतो, आणि नवशिक्याचा हात त्या धक्क्याबरोबर झुलायला लागतो. माझाही झुलला. काका मागून म्हणाले, "माती हात हलवायलीय का हात मातीला? बघा जरा." त्यांनी माझी कोपरं मांड्यांवर टेकवली आणि आपले हात माझ्या हातांवर ठेवले. दहाएक फेऱ्यांत गोळा असा थांबला, की चाक फिरतंय हे नुसतं बघून कळेना.

जागा सहाच का, ते मला इथे उमगलं. अंगणात चाकं तीन, म्हणजे तिघं चाकावर आणि तिघं वळ्या रचून भांडी करणार, मग अदलाबदल. पण खरी अडचण चाकांची नाही. मध्य साधण्याच्या त्या दोन मिनिटांत प्रत्येकाला काकांचे हात लागतात आणि ते दोनच आहेत. मागे एकदा त्यांनी दहा जण घेतले होते, तेव्हा निम्मे लोक गोळा धरून वाट बघत बसले आणि माती हातातच सुकली.

माझं तिसरं भांडं सगळ्यात उंच गेलं. मी खूश होऊन आणखी पाणी घेतलं, भिंत आणखी वर ओढली, आणि भांडं मांडी घातल्यासारखं मधेच खाली बसलं. काकांनी मला ते गोळा करू दिलं नाही. तारेने उभं चिरून त्याची कड दाखवली. तळाशी अंगठ्याएवढी जाड, मध्यावर पापडासारखी पातळ आणि काठाशी पुन्हा जाड. म्हणजे मी मध्यावर जास्त दाबलं होतं आणि वरचं वजन त्या पातळ जागेला पेललं नाही. वर पाण्याने माती मऊ केली होती, ते वेगळंच. भिंत चढवताना बोटांचा दाब सारखा ठेवून हात चाकापेक्षा सावकाश वर न्यायचा, हे त्या चिरलेल्या भांड्याने मला जितकं समजावलं तितकं सांगून समजलं नसतं. रविवारी दुपारी एक वाडगा जमला. त्याचं तोंड मी पट्टीने मोजलं, 14 सेंटिमीटर.

आता घरी न्यायचा ना? नाही. सगळे इथेच हिरमुसतात. भांडं आठ-दहा दिवस सावलीत, प्लास्टिकखाली सावकाश सुकतं, कारण काठ आधी सुकून आक्रसला आणि तळ ओला राहिला तर तडा जातो. आमच्यातल्या एका मुलीने केलेला भरीव गणपती काकांनी खालून कापून आतून पोकळ केला. तिचा चेहरा पडला. पण भरीव मातीच्या पोटात ओल टिकून राहते आणि भांडी भाजायच्या आव्यात तिची वाफ होऊन मूर्ती फुटते. फुटताना शेजारची चार भांडीही घेऊन जाते. आवा लावण्याआधी काका प्रत्येक भांडं गालाला लावून बघतात. गार लागलं तर आत ओल आहे, ते पुढच्या आव्याला.

फीचं मला आधी जरा जडच वाटलं होतं. दोन दिवसांचे 1,600 रुपये. सहा जणांचे 9,600. त्यातून चार वेळचं चहापाणी, दोन दुपारची जेवणं, माती चाळणाऱ्या मावशींची मजुरी आणि आव्याचं लाकूड जातं. शिवाय ते दोन दिवस काकांचं स्वतःचं चाक बंद. हिशेब ऐकल्यावर मी गप्प बसले.

सुनेला मी पहिल्या खेपेला पाठवलेल्या ओळींत मृद्गंध होता, मातीशी नातं होतं, हरवलेलं बालपणसुद्धा होतं. तिने त्या काकांना वाचून दाखवल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "भांडं त्याच दिवशी मिळणार नाही हे कुठाय ह्यात?" नव्हतंच ते.

तीन आठवड्यांनी वाडगा कुरिअरने आला. पट्टी लावली, तोंड 13 सेंटिमीटरला थोडं कमी. सुकताना आणि भाजताना माती आक्रसते, तेव्हा कप करायचा असेल तर हवा त्याहून मोठा करा. बोटाने टिचकी मारली, खणखणीत वाजला. तडा असता तर बद्द आवाज आला असता. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी वाजवून कच्चं-पक्कं ठरवल्याची गोष्ट लहानपणी ऐकली होती. ती पक्की कुंभाराची गोष्ट आहे, हे वाडगा वाजवताना लक्षात आलं. वाडग्याला झिलई नाही, त्यामुळे पाणी भरलं की बाहेरून पाझरतो. मी त्यात दही लावते. माती पाणी ओढून घेते आणि दही सुरीने कापावं असं लागतं.

मग लिहिलेल्या ओळी या. सुनेने एक शब्दही बदलला नाही:

"शनिवार-रविवार, खानापूर. माती मळण्यापासून चाकावर भांडं उतरवेपर्यंत. आधी काही येत नसलं तरी चालेल. नखं कापून या, जुने कपडे घाला. पहिली दोन-तीन भांडी बसणार, ती माती परत भिजते. जागा सहा. फी 1,600 रुपये, त्यात माती, दोन्ही दिवसांचं दुपारचं जेवण आणि तुमच्या दोन भांड्यांची भाजणी. कुरिअरचे पैसे वेगळे. भांडं त्याच दिवशी मिळणार नाही, साधारण तीन आठवडे लागतील. भरीव मूर्ती करू नका. पावसाळ्यात बंद."